लघवी सारखी गढूळ होते, फेस येतो, पांढरी दिसते: कुठलं सोडून द्यायचं आणि कुठलं लगेच तपासायचं

मी निपाणी भागातल्या एका लॅबमध्ये काम करतो, आणि लघवीची बाटली काउंटरवर ठेवून "हे बघा हो, परत गढूळ झालीय" म्हणणारी माणसं रोज येतात. काहीजण वर्षभर हेच घेऊन फिरत असतात, कधी चिकोडीला, कधी मिरजेला, कधी कोल्हापूरला, आणि दरवेळी वेगळी गोळी घेऊन येतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण निम्मा घोळ इथंच होतो. लघवी गढूळ दिसणं आणि लघवीतून प्रोटीन जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोटीन लघवीत विरघळलेलं असतं, ते डोळ्याला दिसत नाही, भरपूर प्रोटीन जात असलं तरी लघवी काचेच्या ग्लासात अगदी स्वच्छ दिसू शकते, फक्त वर फेस राहतो. आणि उलट, एकदम पांढरीफटक गढूळ लघवी बघून माणूस घाबरतो, त्यात पुष्कळदा साधे क्षार निघतात. म्हणजे जे बघून भीती वाटते ते बऱ्याचदा निरुपद्रवी असतं आणि ज्याकडे कुणी बघत नाही तिथं किडनीचं काम बिघडत चाललेलं असतं.

तर आधी गढूळ लघवीचं बघू.

घरी करता येण्यासारखी एक सोपी तपासणी आहे, जुन्या काळापासून लॅबमध्ये चालत आलेली. काचेचा एक ग्लास नुसत्या पाण्यानं दोनतीनदा खळखळून धुवा, साबण लावू नका, लावला असेल तर चांगला निघेपर्यंत धुवा. पहिली थोडी लघवी सोडून द्या आणि मधली ग्लासात धरा. आता धरतानाच गढूळ होती का, की स्वच्छ होती आणि ठेवल्यावर गढूळ झाली, हे बघा. ठेवल्यावर गढूळ झाली असेल तर तो ग्लास आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा जास्त गरम पाण्याच्या भांड्यात पाचदहा मिनिटं उभा ठेवा. लघवी परत स्वच्छ झाली की समजायचं ते युरेट होते. हे युरिक ॲसिडचे क्षार, लघवी घट्ट असली आणि गार पडली की खाली बसतात, कधीकधी तळाला विटेच्या रंगाचा गुलाबी गाळ दिसतो आणि लोकांना रक्त वाटतं. थंडीच्या दिवसात, किंवा ऊसतोडीला दिवसभर उन्हात राबून पाणी कमी पिलेल्या माणसात हे हमखास दिसतं. पाणी वाढवलं की कमी होतं. फक्त गाऊट असेल किंवा मुतखड्याचा त्रास आधी झालेला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, बाकी काही करायचं नाही.

धरतानाच गढूळ असेल, किंवा गरम करून काही फरक पडला नाही, तर दुसरी पायरी. दुकानात मिळतो तो पांढरा व्हिनेगर थोडाथोडा टाका आणि ग्लास हलवा. लगेच स्वच्छ झाली तर ते फॉस्फेट. हे क्षार लघवी आम्लधर्मी नसली, उलट बाजूला झुकलेली असली की बाहेर पडतात, आणि पोटभर जेवल्यावर दोनतीन तासांत लघवी तशी होतेच, भाजीपाला जास्त खाणाऱ्यांची तर जास्तच. म्हणून दुपारी जेवून झोपून उठल्यावर लघवी पांढरी आणि सकाळी स्वच्छ असा प्रकार होतो. ह्यात आजार काही नाही. एकच अपवाद, लघवी दिवसरात्र कायम अशीच पांढरी, शिवाय उग्र वास आणि जळजळ असेल तर जंतूंमुळे लघवी अल्कलीकडे गेलेली असू शकते, तेव्हा पुढं इन्फेक्शनचं सांगतोय ते बघा.

इथं तरुण पोरांसाठी मुद्दाम थांबतो. लघवीच्या शेवटी पांढरं जातंय म्हणून "धातू जातोय" ह्या भीतीनं आमच्याकडं येणारी पोरं खूप आहेत, आणि येण्याआधी बसस्टँडजवळच्या गुप्तरोगाच्या बोर्डवाल्याकडं हजारो रुपये घालवून आलेली असतात. झोप उडालेली, जेवण कमी झालेलं, लग्न ठरलंय म्हणून आणखीच घाबरलेला. ह्यातल्या पुष्कळांच्या लघवीत थेंबभर ॲसिड घातलं की पांढरं नाहीसं होतं, म्हणजे फॉस्फेट. काहींच्यात संबंधानंतर किंवा झोपेत वीर्य गेल्यावर पहिल्या लघवीला थोडं वीर्य येतं, त्यानं ती गढूळ आणि फेसाळ दोन्ही दिसते, तेही नॉर्मल. अंगातली ताकद लघवीतून वाहून जात नसते. कुणी तुमच्या घरातला पोरगा असा गप्प गप्प राहत असेल तर त्याला ओरडू नका, त्याला साधी युरीन रूटीन करून द्या आणि रिपोर्ट त्याच्या हातात द्या, अर्धा आजार तिथंच जातो.

बायकांच्यात गढूळपणाचं आणखी एक साधं कारण म्हणजे अंगावरचं पांढरं सॅम्पलमध्ये मिसळणं. धुवून, मधली लघवी धरली तर फरक कळतो. पांढऱ्याला खाज, वास असेल तर तो वेगळा इलाज आहे, त्याला लघवीच्या अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

आता गरम करूनही आणि व्हिनेगर घालूनही लघवी तशीच गढूळ राहिली, तर मग पू, जंतू, किंवा क्वचित चरबी. सोबत जळजळ, थोडीथोडी सारखी लघवी, ओटीपोटात दुखणं, घाण वास असेल तर इन्फेक्शन बहुतेक ठरलंच. आमच्या निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांच्यात हे फार बघतो, सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसायचं, हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत उठायचं नाही, उठायला लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, हा त्यातला सरळ हिशोब. शुगरवाल्यांचं आणि प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पण तसंच, लघवी पूर्ण मोकळी होत नाही.

रिपोर्टवर काय बघायचं तर पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी. मायक्रोस्कोपखाली एका फील्डमध्ये पाचपर्यंत चालतात, वीस-तीस किंवा "भरपूर" लिहिलं असेल तर इन्फेक्शनकडे बोट जातं. लघवीत बुडवून रंग बघायच्या स्ट्रिपवर नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर संशय आणखी पक्का, पण निगेटिव्ह आलं म्हणून इन्फेक्शन नाही असं नसतं, कारण सगळे जंतू नायट्राइट बनवत नाहीत आणि बनवणाऱ्यांनाही लघवी मूत्राशयात तीनचार तास राहावी लागते. आणि परत परत होणाऱ्या माणसानं तर कल्चर केल्याशिवाय गोळी घेऊच नये हे माझं कळकळीचं मत आहे. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठला जंतू आणि कुठलं औषध त्याला लागू पडतं दोन्ही कळतं. मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरं वाटलं की बंद करायचं, महिन्यानं परत तेच, असं केलं की पुढच्या वेळी साधी औषधं चालेनाशी होतात. सॅम्पल गोळी सुरू करायच्या आधी द्या, नंतर दिलं तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि तुम्हाला वाटतं इन्फेक्शन नाही.

सॅम्पलचं तर वेगळंच रामायण आहे. गावातनं पहाटे पाचला धरलेली लघवी डेअरीच्या गाडीतनं नाहीतर एसटीतनं येते, आमच्या हातात पडेपर्यंत साडेनऊ-दहा. एवढ्या वेळात जंतू कितीतरी पटीनं वाढतात, पेशी फुटून जातात, क्षार बाहेर पडतात, म्हणजे आजार नसलेल्याचा रिपोर्ट खराब आणि आजार असलेल्याचा कधीकधी चांगला. दोन तासांच्या आत पोहोचत नसेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा, किंवा सरळ लॅबमध्ये येऊन सॅम्पल द्या. आणि बाटली लॅबचीच घ्या, तीसचाळीस रुपये वाचवायला खोबरेल तेलाची किंवा फिनेलची बाटली धुवून आणू नका, तेलानं लघवीवर तवंग येतो आणि काही जंतुनाशकांनी स्ट्रिप खोटं प्रोटीन दाखवते.

आता फेस.

"संडासात फेस येऊलाय" हे वाक्य आलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो, उभं राहून करता का आणि भांड्यात ॲसिड-फिनेल टाकता का. उंचावरनं जोरात धार पडली की फेस होणारच, आणि टॉयलेट क्लीनरचा अंश असला तर आणखी होणार. सकाळची पहिली लघवी घट्ट असते, तिला पण थोडा फेस येतो. असा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि एकदोन मिनिटांत फुटून जातो. मात्र बारीक, दाट फेस जो पाच-दहा मिनिटं झाली तरी हलत नाही, पाणी ओतलं तरी राहतो, आणि रोज येतो, तो तपासायचा. कारण प्रोटीनमधला अल्ब्युमिन अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखाच वागतो, फेटला की फेस धरून ठेवतो. फेसाचा रंगच पिवळा असेल आणि लघवी गडद असेल तर ती काविळीची बाजू, लिव्हरची टेस्ट करा.

पण डोळ्यानं फेस बघून निकाल देता येत नाही, ना होकारी ना नकारी. सुरुवातीचं प्रोटीन फेसच करत नाही, आणि साधी स्ट्रिप पण ते पकडत नाही. स्ट्रिप लघवीतलं प्रमाण बघते, म्हणजे भरपूर पाणी पिऊन आलात तर कमी दाखवणार, घट्ट असली तर जास्त. म्हणून स्ट्रिपवर ट्रेस किंवा एक प्लस आलं की पुढची टेस्ट करायची ती अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, डॉक्टर चिठ्ठीवर एसीआर लिहितात. त्यात अल्ब्युमिनची क्रिएटिनिनशी तुलना होते, त्यामुळं पाणी कमीजास्त पिल्याचा फरक निघून जातो. 30 च्या खाली नॉर्मल, 30 ते 300 म्हणजे किडनीची चाळण गळायला लागलीय, 300 च्या वर म्हणजे चांगलीच गळतेय. आकडा मिलिग्राम प्रति ग्रॅममध्ये आहे का ते बघून घ्या, काही लॅब दुसऱ्या मापात देतात.

एक उदाहरण सांगतो, नाव-गाव सोडून. चोपन्न वर्षांचे मामा, ऊस आणि थोडी तंबाखू, आठ वर्षं शुगर, गोळ्या मनाला येईल तशा. डिसेंबरात पुतण्यानं बाटली आणली, लघवी गढूळ आणि तळाला गुलाबी गाळ, घरात सगळे घाबरलेले की रक्त जातंय. फोनवर मामा म्हणत होते, "फेस पण असतोय बघ, पण ते काय, ते तर चारेक महिने झालं." घाबरले होते ते गाळाला, फेसाला नाही.

ट्यूब गरम पाण्यात धरली, गाळ विरघळून लघवी एकदम स्वच्छ. युरेट. रक्ताचा रकाना स्ट्रिपवर निगेटिव्ह, पस सेल्स दोनतीन, नायट्राइट निगेटिव्ह. म्हणजे ज्यानं घर घाबरलं होतं ते संपलं. पण त्याच स्वच्छ झालेल्या लघवीत प्रोटीन एक प्लस. आता लघवी घट्ट होती, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.030, त्यामुळं एक प्लस खोटंही असू शकतं, आणि आदल्या दिवशी मामांनी दिवसभर ट्रॉली भरली होती, जड कामानं, तापानं पण तात्पुरतं प्रोटीन जातं. म्हणून पुतण्याला सांगितलं, मामांना दोन दिवस जड काम नको आणि सकाळची पहिली लघवी इथं येऊन द्यायची. एसीआर आला 212. डॉक्टरांनी तेवढ्यावर शिक्का मारला नाही, दीड महिन्यानं परत करायला सांगितलं, कारण तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन सॅम्पलमध्ये जास्त आलं तरच ते टिकाऊ धरतात. परत 186. बीपी 150/90, क्रिएटिनिन 1.1, म्हणजे रक्ताची टेस्ट अजून ठीक. आणि हीच गोष्ट लोकांना पटत नाही, की "क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणजे किडनी चांगली." शुगरमध्ये आधी लघवीतनं अल्ब्युमिन जायला लागतं आणि क्रिएटिनिन पुष्कळ उशिरा, वर्षानुवर्षांनी वाढतं.

डॉक्टरांनी टेलमिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली, शुगरची गोळी बदलली, आणि गुडघ्यासाठी मामा मेडिकलमधनं आणून खात होते त्या डायक्लोफिनॅक बंद केल्या. टेलमिसार्टननंतर दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघतात, ते चुकवू नका, ही गोळी काहींच्यात पोटॅशियम वाढवते. तीन महिन्यांनी एसीआर 94 वर आला, फेसही कमी झाला. प्रोटीन जातंय म्हणून मामींनी अंडी-डाळीचा मारा सुरू केला होता, तो पण डॉक्टरांनी थांबवला, कारण खाऊन ते भरून निघत नाही आणि किडनीवर लोडच येतो. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकानं फेस असो वा नसो वर्षातून एकदा एसीआर करावा.

तरुणांमध्ये अजून एक प्रकार असतो, दिवसभर उभं राहिलं की प्रोटीन दिसतं आणि सकाळच्या पहिल्या लघवीत काहीच नाही. ते निरुपद्रवी आहे. म्हणूनच पहिली सकाळची लघवी द्या म्हणून आम्ही एवढं डोकं खातो. इन्फेक्शन चालू असताना पण प्रोटीन जास्त येतं, तेव्हा आधी इन्फेक्शन बरं करून मग एसीआर करा.

दुधासारखी लघवी हा तिसरा प्रकार, कमी दिसतो पण दिसतो. गढूळ नव्हे, खरोखर दुधासारखी, मटण किंवा तळलेलं खाल्ल्यावर जास्त, उपाशी राहिलं की कमी, कधी पांढऱ्या गाठी पडतात आणि लघवी अडकते. ही आतड्यातली चरबी वाहून नेणारी लसिका नळी मूत्रमार्गात फुटल्यामुळं होते, आपल्या देशात त्याचं मुख्य कारण हत्तीरोगाचा जंत, आणि तो शरीरात शिरून पुष्कळ वर्षं झालेली असू शकतात. कलबुर्गी-बिदरकडं किंवा किनाऱ्याच्या भागात कामाला राहिला असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा. लॅबमध्ये ईथर घालून हलवलं की ही लघवी स्वच्छ होते, आणि ट्रायग्लिसराइड तपासून पक्कं करतात. ह्यात स्ट्रिपवर प्रोटीन पण भरपूर येतं, त्यामुळं नुसतं प्रोटीन बघून किडनीचा आजार म्हणून औषधं चालू झालेली माणसं बघितलीत. मूत्ररोग तज्ज्ञांनाच दाखवा.

शेवटी, कुठं वाट बघायची नाही ते. गढूळ लघवीसोबत थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय, त्याच दिवशी दवाखाना. लहान पोराचं सकाळी उठल्यावर डोळ्याभोवती सुजलेलं आणि लघवीला फेस, त्याला ॲलर्जी म्हणून दोन आठवडे घालवू नका, त्याच दिवशी लघवीचं प्रोटीन करा. पायाला सूज, बोट दाबलं की खड्डा पडतोय, तेही तसंच. लघवी लाल किंवा कोकच्या रंगाची झाली, तरी त्याच दिवशी. आणि घरात गरोदर बाई असेल, पाचवा महिना ओलांडलेला, आणि तिचं डोकं ठणकतंय, डोळ्यासमोर अंधारी येतीय, चेहरा-हात सुजलेत किंवा छातीखाली दुखतंय, तर लघवीला फेस आहे की नाही हे बघत बसू नका. आशाताईला बोलवून बीपी बघा, 140/90 किंवा त्याच्या वर असेल तर रात्र असो की पहाट, 108 लावून तिला थेट बाळंतपणाची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात हलवा. आणि आशाताई लगेच मिळाली नाही तर बीपीसाठी थांबू नका, एवढ्या लक्षणांवरच निघा.